हिरवा, लाल, जांभळा : पडद्यावर हरवलेले गुण कोणाच्या खात्यात?

संगणक जात विचारत नाही, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. ऑनलाइन परीक्षेत प्रश्न सगळ्यांना सारखे, वेळ सारखा, तपासणारे यंत्र तटस्थ, मग तक्रार कसली? संगणक जात विचारत नाही हे मान्य. पण तो एक वेगळा प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर मात्र जात आणि वर्ग या दोन्हींना विचारून येते. तो प्रश्न असा : "तू यापूर्वी या पडद्यासमोर किती वेळा बसला आहेस?"

पावण्याचेच बघा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले हे गाव. आजूबाजूच्या वस्त्यांतली आमची पोरे कारखान्यात, गोदामात पाळी करतात आणि उरलेल्या वेळात अभ्यासिकेत बसून तलाठी, रेल्वे, जिल्हा परिषद, वनरक्षक यांची तयारी करतात. पुस्तके आहेत, नोट्स आहेत, मोबाइल आहे. नसतो तो डेस्कटॉप आणि माऊस. त्यामुळे यातल्या कित्येकांचा परीक्षेच्या पडद्याशी पहिला परिचय होतो तो थेट परीक्षा केंद्रात, घड्याळ उलटे धावायला लागल्यावर. घरी संगणक आणि महागडा क्लास असलेल्या मुलाने तोवर तसाच पडदा पन्नास वेळा पाहिलेला असतो.

यावर आमच्याच चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, "ही बटणे दाबायची कला म्हणजे क्लासवाल्यांचा धंदा आहे. पोरांनी विषयाचा अभ्यास करावा, क्लिक करणे काय, कोणालाही येते." आमचा वाद सरकारशी आहे, तितकाच या समजाशीही आहे. कारण क्लिक करणे कोणालाही येते, पण क्लिक केले म्हणजे उत्तर दिले असे होत नाही. सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

आमची बहुतेक मुले ओएमआरवर वाढलेली आहेत. एमपीएससीची पूर्व परीक्षा असो की पोलीस भरतीची लेखी, गोल काळा केला की विषय संपला. शाई हेच उत्तर. ते खोडता येत नाही, पण हरवतही नाही. संगणकावरच्या परीक्षेत याच्या उलट आहे. पर्यायासमोरच्या गोलात ठिपका उमटला म्हणजे तुम्ही फक्त मनातले सांगितले. यंत्राने ते वहीत लिहून घेतले की नाही, हे पुढचे बटण ठरवते. ओएमआरची सवय घेऊन आलेला मुलगा ठिपका उमटला की निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो.

टीसीएसच्या पद्धतीचा जो पडदा आपल्याकडे सर्वाधिक भेटतो, तो नीट समजून घेऊ. डावीकडे प्रश्न आणि पर्याय, वर कोपऱ्यात उलटे चालणारे घड्याळ, उजवीकडे सगळ्या प्रश्नांच्या क्रमांकांची चौकट, म्हणजे क्वेश्चन पॅलेट. त्या चौकटीत प्रत्येक क्रमांकाचा रंग त्या प्रश्नाची अवस्था सांगतो. प्रश्न उघडलाच नसेल तर Not Visited, राखाडी किंवा पांढरा. उघडला पण उत्तर जतन झाले नाही तर Not Answered, लाल. जतन झाले तर Answered, हिरवा. उत्तर न देता परत बघायला ठेवला तर Marked for Review, जांभळा. आणि उत्तर देऊन परत बघायला ठेवला तर Answered & Marked for Review, जांभळ्यावर छोटी हिरवी खूण. संस्थेनुसार रंगांच्या छटा बदलतात, अवस्था मात्र याच पाच.

आता सापळा कुठे आहे ते बघा. समजा ३७ व्या प्रश्नाला तुम्ही तिसऱ्या पर्यायावर क्लिक केले आणि लगेच ५२ वा प्रश्न आठवला म्हणून पॅलेटमधल्या ५२ वर क्लिक केले. तुम्ही ५२ वर पोहोचलात. ३७ चे उत्तर मात्र जतन झाले नाही, तो क्रमांक लालच राहिला. पॅलेटवरून उडी मारल्यास चालू प्रश्नाचे उत्तर जतन होत नाही, हे परीक्षेआधीच्या सूचनांच्या पानावर चक्क लिहिलेले असते. पण ते पान कोण वाचतो? त्या वेळी छाती धडधडत असते, आणि सूचना बहुधा अशा भाषेत असतात की वाचूनही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. उत्तर जतन करण्याची खात्रीची वाट अशी : पर्याय निवडायचा, `Save & Next` दाबायचे, मग हवी तिथे उडी मारायची.

दुसरा सापळा `Mark for Review & Next` या बटणाचा. बऱ्याच मुलांना वाटते की शंका असलेल्या प्रश्नावर हे बटण दाबले की यंत्र शेवटी आपल्याला त्या प्रश्नाची आठवण करून देईल. यंत्र काहीही आठवण करून देत नाही. ती खूण फक्त तुमच्यासाठी आहे, पुस्तकाचा कोपरा दुमडावा तशी. वेळ संपला तेव्हा क्रमांक नुसता जांभळा असेल तर त्याचे गुण शून्य. हिरव्या खुणेसह जांभळा असेल तर ते उत्तर तपासले जाते.

इथे संस्थेगणिक फरक आहे आणि तो जीव घेतो. टीसीएसच्या नेहमीच्या पडद्यावर पर्याय निवडून `Mark for Review & Next` दाबले की उत्तरासह खूण होते. एनटीएच्या जेईई किंवा यूजीसी-नेटच्या पडद्यावर मात्र यासाठी `Save & Mark for Review` असे वेगळे बटण आहे, आणि `Mark for Review & Next` हे उत्तर न देता खूण करण्यासाठी आहे, असे सूचनेतच सांगितलेले असते. म्हणजे एका पडद्यावरची चांगली सवय दुसऱ्या पडद्यावर गुण घालवू शकते. २०२३ सालीच बघा, तलाठी भरती टीसीएसने घेतली आणि जिल्हा परिषदांची भरती आयबीपीएसने. एकाच वर्षात, एकाच मुलाने, दोन वेगळ्या संस्थांच्या पडद्यांवर परीक्षा दिली. त्याला दोन्हींची तालीम कोणी दिली होती?

त्या तलाठी परीक्षेचाच हिशोब मांडू. १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, १२० मिनिटे. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी-अंकगणित, प्रत्येकी २५ प्रश्न. निगेटिव्ह मार्किंग नाही. चार हजारांहून अधिक पदांसाठी साडेआठ लाखांहून अधिक उमेदवार परीक्षेला बसले. ५७ शिफ्टमध्ये परीक्षा झाली, त्यामुळे गुणांचे सामान्यीकरण झाले आणि गुण दशांशांत गेले. २०० पैकी २१४ गुण दिसल्यावर महाराष्ट्रभर गदारोळ उठला तो याच परीक्षेत. तो गदारोळ रास्तच होता. पण आम्ही विचारतो, जिथे दशांशाने क्रमांक मागेपुढे होतात, तिथे पॅलेटवर लाल राहून गेलेले पाच प्रश्न म्हणजे दहा गुण. ते दहा गुण ज्ञानाअभावी गेले नाहीत. उत्तर येत होते, निवडलेही होते. ते फक्त जतन झाले नव्हते. यादी लागते तेव्हा मात्र त्याला "मेरिटमध्ये कमी पडला" असेच म्हटले जाते. आमच्या पोरांच्या कपाळी हा शिक्का आधीच तयार असतो. निदान तो फुकटात तरी मारू देऊ नये.

अशा पेपराला पडद्यावर कसे भिडायचे, ते एका नमुन्यावर दाखवतो. पहिल्या फेरीला ७५ मिनिटे. या फेरीत सगळे १०० प्रश्न उघडायचे, एकही Not Visited ठेवायचा नाही. पक्के येते ते निवडून `Save & Next`. दोन पर्यायांत अडकलो तर जो जास्त बरोबर वाटतो तो निवडून, उत्तरासह रिव्ह्यूची खूण. येईल पण वेळ खाईल असे गणित असेल तर उत्तर न देता जांभळा. अजिबात कळत नाही तो तसाच सोडून पुढे. समजा फेरीअखेर पॅलेट असे दिसले : ६० हिरवे, २० हिरव्या खुणेसह जांभळे, १२ नुसते जांभळे, ८ लाल. बेरीज १००.

दुसऱ्या फेरीला ३० मिनिटे, आणि ती आधी त्या १२ जांभळ्या प्रश्नांची. कारण तिथे अजून खात्यात काहीच जमा नाही. सोडवायचा आणि `Save & Next` दाबायचे, म्हणजे जांभळा जाऊन हिरवा येतो. त्यातून वेळ उरला तरच २० शंकेच्या प्रश्नांकडे वळायचे. ते राहिले तरी उत्तर खात्यात आहेच. बरीच मुले याच्या उलट करतात. सोडवलेल्या शंका पुन्हा पुन्हा चिवडत बसतात आणि नुसते जांभळे तसेच राहून जातात.

शेवटची १५ मिनिटे रंगांची. या पेपरात निगेटिव्ह नाही, म्हणून एकही लाल किंवा नुसता जांभळा ठेवण्यात अर्थ नाही. त्या ८ लालांनाही काहीतरी उत्तर देऊन जतन करायचे. जमा करताना विभागवार आकड्यांचा तक्ता समोर येतो, तो वाचायचा. घड्याळ शून्यावर आले की पेपर आपोआप जमा होतो. त्या क्षणी पडद्यावर ठिपका असलेले पण जतन न केलेले उत्तर धरले जाईल, या भरवशावर राहू नये.

हाच हिशोब रेल्वेच्या परीक्षेत बदलतो. तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकले तर सरासरी फायदा शून्य. चारात एकदा एक गुण मिळणार, तीनदा एक तृतीयांश जाणार, बरोबरी. पण दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील तर उत्तर देणे फायद्याचे. म्हणजे रेल्वेत शेवटच्या मिनिटांत उलटे कामही करावे लागते : उगाच ठोकलेले उत्तर `Clear Response` दाबून काढायचे आणि पॅलेटवर तो क्रमांक हिरव्याचा लाल झाला ना, हे बघायचे.

एमएचटी-सीईटीची तर आणखी वेगळी तऱ्हा. पीसीएम गटात पहिली ९० मिनिटे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची, १०० प्रश्नांची. ती संपली की तो भाग बंद आणि गणिताचा भाग उघडतो, ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटे. भौतिकशास्त्रातला जांभळा प्रश्न गणित संपवून बघू म्हणणारा मुलगा परत जाऊच शकत नाही. तिथे रिव्ह्यूची खूण त्या भागाच्या ९० मिनिटांपुरतीच जिवंत असते. बारावीत नव्वद टक्के मिळवलेल्या मुलालाही हे कोणी सांगितले नसेल तर पडदा त्याला सवलत देणार नाही.

मग तालीम कशावर करायची? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या संकेतस्थळावर सरावासाठी मॉक टेस्टची लिंक देतात. रेल्वे भरती मंडळे देतात, सीईटी कक्ष देतो, एनटीए देते. तिथला पडदा खरा असतो, पण प्रश्न नमुन्यादाखल असतात. दुसरीकडे अ‍ॅपवर आणि क्लासच्या संकेतस्थळांवर जुन्या पेपरांचे मॉक असतात. तिथे प्रश्न खरे असतात, पण पडदा सारखाच असेल याची खात्री नाही. कुठे ठिपका देताच उत्तर आपोआप जतन होते, कुठे पेपर थांबवायचे `Pause` बटण असते, कुठे गुणांची पद्धत जुनी असते. मोबाइलवर तर पॅलेट लपलेलेच असते, बोटाने सरकवले की पुढचा प्रश्न. मोबाइलवर शंभर जुने पेपर सोडवलेला मुलगा शंभर वेळा चुकीची सवय घोटून आलेला असू शकतो.

म्हणून क्रम असा हवा. आधी अधिकृत मॉक, आणि त्यात प्रश्न सोडवायला नाही, तर पडदा तपासायला बसायचे. मुद्दाम पर्याय निवडून पॅलेटवरून उडी मारायची आणि परत येऊन बघायचे, रंग कोणता राहिला? मुद्दाम उत्तरासह खूण करायची, उत्तराशिवाय खूण करायची, उत्तर काढायचे, भाग बदलून बघायचा. लांब उताऱ्याचा प्रश्न उघडून बघायचे की चौथा पर्याय खाली दडतो का, तो दिसायला आतली पट्टी सरकवावी लागते का. भाषा बदलायची सोय कुठे आहे तेही बघायचे, कारण मराठी भाषांतर अडले तर इंग्रजी मूळ एका क्लिकवर असते. या सगळ्याला अर्धा तास लागतो. त्यानंतरच जुने पेपर, पूर्ण वेळ लावून, `Pause` न वापरता, संगणकावर आणि लॅपटॉपच्या पट्टीवर नव्हे तर माऊसने, कीबोर्डला हात न लावता. केंद्रात उत्तरे माऊसनेच द्यायची असतात.

आणि तपासणी? दर २५ प्रश्नांनंतर रफ कागदावर टाकलेल्या आपल्या रेघा मोजायच्या आणि पॅलेटवरच्या उत्तर दिलेल्या प्रश्नांशी ताडायच्या. कागदावर १८ आणि पडद्यावर १६ असतील तर दोन उत्तरे हवेत गेली. ती कुठली, हे तिथल्या तिथे शोधायचे. तीन-चार पेपरांत हा फरक शून्यावर आला की समजावे, हात पडद्याला सरावला.

खरी परीक्षा झाल्यावरही एक पुरावा मिळतो, त्याकडे आमची मुले बघतच नाहीत. उत्तरतालिका येते तेव्हा बऱ्याच परीक्षांत स्वतःची उत्तरपत्रिकाही उघडते. टीसीएसच्या पद्धतीत तिथे प्रत्येक प्रश्नासमोर `Status` आणि `Chosen Option` लिहिलेले असते. सगळे फक्त बरोबर किती, चूक किती, हे मोजतात. त्याआधी `Not Answered` आणि `Not Attempted and Marked For Review` असे किती आहेत ते मोजा. निगेटिव्ह नसलेल्या परीक्षेत असा एकही प्रश्न असेल तर तो अभ्यासात नाही, पडद्यावर हरलेला आहे. पुढच्या परीक्षेची तयारी तिथून सुरू होते. आणि हीच जुनी उत्तरपत्रिका पुढच्या मुलांसाठी सर्वांत अस्सल जुना पेपर असते. नाव आणि बैठक क्रमांक झाकून ती अभ्यासिकेत जमा करा.

आता मागण्या. बार्टीसारख्या संस्थेच्या पूर्वप्रशिक्षणात संगणकावरची पूर्ण वेळेची तालीम हा सक्तीचा भाग असला पाहिजे, छापील सराव पेपरांवर भागवता येणार नाही. नवी मुंबई महापालिकेच्या अभ्यासिकांत टेबल-खुर्ची आणि पंख्याइतकाच माऊस लावलेला संगणक हक्काचा मानला पाहिजे, आणि पाळी सुटून येणाऱ्यांसाठी तो रात्री चालू राहिला पाहिजे. राज्य सरकारने तलाठी भरतीला खुल्या वर्गाकडून १००० आणि राखीव वर्गाकडून ९०० रुपये शुल्क घेतले. इतके पैसे घेणाऱ्याने परीक्षेच्या पडद्याची हुबेहूब, मराठीतली मॉक अर्ज भरल्याच्या दिवसापासून खुली ठेवणे, हे उपकार नव्हेत.

पण सरकार देईल तेव्हा देईल. विहारात, समाजमंदिरात दोन जुने संगणक, दोन माऊस आणि एक इंटरनेट जोडणी उभी करायला वर्गणीचे एक पत्रक पुरते. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या एका भिंतीवर जो खर्च होतो त्यात हे बसते, आणि हे आम्ही कोणाला दुखावण्यासाठी नाही, हिशोब म्हणून सांगतो. परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत प्रत्येक मुलाला त्या संगणकावर किमान तीन पूर्ण पेपर मिळतील असा तक्ता भिंतीवर लावा. सोबत जो आधी ती परीक्षा देऊन आला आहे त्याला बसवा. त्याने विषय शिकवायचा नाही, फक्त मागे उभे राहून पॅलेटकडे बघायचे आणि क्रमांक लाल राहिला की खांद्यावर हात ठेवायचा.

केंद्रात तो हात नसेल. म्हणून तो आधी, आपल्या वस्तीत असायला हवा.

जय भीम!